रिव्ह्यूमधली चूक दुरुस्त करायची आहे, भांडायचं नाही: मालकाने उत्तर कसं लिहावं

ग्राहकाने रिव्ह्यूमध्ये चुकीची माहिती लिहिली की मालकाला लगेच जे वाक्य सुचतं, ते बहुतेक वेळा खरं असतं. अडचण अशी की ते त्या ग्राहकाला उद्देशून असतं आणि वाचणार असतात दुसरेच. ग्राहक तुमचं उत्तर फार तर एकदा वाचेल. त्याच्यानंतर तुमच्याकडे यायचं की नाही हे ठरवणारे लोक मात्र ते कित्येक महिने वाचत राहतील. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: खरी माहिती काय आहे, आणि उद्या आपलं काही बिनसलं तर हा माणूस आपल्याशी कसा बोलेल. चांगल्या उत्तरात ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. दुकान लॅपटॉप दुरुस्तीचं आहे. रिव्ह्यूला दोन स्टार आहेत आणि मजकूर असा:

"बॅटरी बदलून तीन महिने झाले नाहीत, लॅपटॉप पुन्हा चार्ज होत नाही. सहा महिन्यांची वॉरंटी सांगून बॅटरी बसवली आणि आता म्हणतात वॉरंटी नाही. वर तपासणीचे पैसे वेगळे घेतले. काउंटरवरचा मुलगा धड बोलतही नाही. दोन स्टार तेही पहिल्या वेळी काम वेळेत दिलं म्हणून."

आधी वाक्यं सुटी करा

रिव्ह्यू एकसंध वाचला की सगळाच खोटा वाटतो. म्हणून त्यातली विधानं एकेक करून कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा: बरोबर, अर्धवट, चूक की मत. आपल्या उदाहरणात लॅपटॉप चार्ज होत नाही हे बरोबर आहे. वॉरंटी नाकारली हे चूक दिसतं. तपासणीचे पैसे घेतले हे बरोबर असलं तरी अर्धवट आहे, कारण पुढे दुरुस्ती त्याच दुकानात केली तर ते बिलातून वजा होतात. काउंटरवरचा मुलगा धड बोलत नाही, हे मत झालं.

मताला दुरुस्ती नसते. "महाग आहे", "वागणूक थंड वाटली", "पुन्हा येणार नाही" अशा वाक्यांना पुरावा दाखवायला गेलात की वाद सुरू झालाच. "पावती दिली नाही", "रविवारी बंद होतं", "वॉरंटी नाकारली" ही विधानं तपासता येतात. दुरुस्ती फक्त अशाच विधानांची होऊ शकते.

यातलीही सगळी दुरुस्त करायची नसतात. प्रत्येक चुकीला एकच प्रश्न विचारा: ही तशीच राहिली तर पुढचा वाचक चुकीचा निर्णय घेईल का? ग्राहक मंगळवारी आला होता आणि त्याने सोमवार लिहिलं, किंवा अर्धा तास थांबला आणि तासभर लिहिलं, तर सोडून द्या. अशा बारीकसारीक चुका काढणारा मालक वाचकाला कटकटा वाटतो, आणि त्या गडबडीत मुख्य दुरुस्तीवरचं लक्ष उडतं. आपल्या रिव्ह्यूत दोनच गोष्टी या कसोटीला उतरतात, वॉरंटी आणि तपासणीचे पैसे. त्यातही वॉरंटीची चूक मोठी, कारण ती वाचून लोक म्हणतील की इथे दिलेला शब्द पाळत नाहीत.

मग खरं काय घडलं ते शोधा

उत्तर लिहिण्याच्या आधीचं हे काम सगळ्यात जास्त वेळ खातं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. चार ठिकाणी बघायचं: पावती, जॉब कार्ड, काउंटरवरचा माणूस, आणि त्या दिवशी ग्राहकाला जे वाचायला मिळालं असेल ते, म्हणजे बोर्ड, वेबसाइट, वॉरंटी कार्ड, आपणच पाठवलेला मेसेज.

काउंटरवरच्या माणसाला "तू असं बोललास का?" असं विचारू नका. तो नाही म्हणेल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. "त्या वेळी तू नेमकी कोणती वाक्यं बोललास?" असं विचारा. आपल्या उदाहरणात हे समजतं: तीच बॅटरी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर चार्ज होते, म्हणजे बॅटरी ठीक आहे. बिघाड चार्जिंगच्या पोर्टमध्ये आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "हे वॉरंटीत बसत नाही." त्याच्या डोक्यात "हे" म्हणजे पोर्ट होता. ग्राहकाने तीन महिन्यांपूर्वी बॅटरी बदलली होती, त्यामुळे त्याने "हे" म्हणजे बॅटरी असं ऐकलं. वॉरंटी कार्ड पाहिलं तर त्यावर फक्त "वॉरंटी: 6 महिने" एवढंच छापलेलं. कशावर, ते कुठेच नाही.

म्हणजे रिव्ह्यूतलं विधान चूक आहे, पण ती चूक दुकानातच जन्माला आली. असं पुष्कळदा आढळतं. नकाशावर जुनी वेळ राहिलेली असते, वेबसाइटवर मागच्या वर्षीचे दर असतात, फोनवर एकाने वेगळं सांगितलेलं असतं. अशा वेळी आधी तो बोर्ड किंवा ते पान दुरुस्त करा आणि मगच उत्तर द्या. नाहीतर तुमचं उत्तर वाचून कुणीतरी वेबसाइट उघडेल आणि तिथे ग्राहकाचंच म्हणणं छापलेलं दिसेल.

कागदपत्रांवरून ग्राहकच बरोबर ठरला, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. तिथे दुरुस्ती नसते, सरळ माफी असते.

नियम सगळ्यांसमोर, फाइल खासगीत

नवीन माणसाची सगळ्यात महागडी चूक इथे होते. आपली बाजू खरी आहे हे दाखवण्याच्या भरात तो ग्राहकाची फाइल उघडून ठेवतो: मॉडेल, तारीख, रक्कम, बिघाड कशामुळे झाला, आधी किती वेळा आला होता. अमेरिकेत एका दंतवैद्यकीय संस्थेने रिव्ह्यूला उत्तर देताना रुग्णांची माहिती उघड केली, तेव्हा 2019 मध्ये तिला आरोग्य खात्याशी 10,000 डॉलर भरून तडजोड करावी लागली. दवाखाना, वकिली, हिशेबनीस, शिकवणी अशा व्यवसायांत तर "हो, तुम्ही आमच्याकडे आला होता" एवढं कबूल करणंही अडचणीचं ठरू शकतं. लॅपटॉपच्या दुकानावर तितकं कडक बंधन नसेल, पण वाचणाऱ्याच्या मनात येतंच की उद्या माझ्याबद्दलही हे असंच लिहितील.

म्हणून दुरुस्ती करायची ती सर्वसाधारण नियम सांगून. "तुमचा पोर्ट ढिला झाला आहे" ही ग्राहकाची फाइल झाली. "बॅटरीची वॉरंटी बॅटरीपुरती असते, चार्जिंग पोर्ट त्यात येत नाही" हा दुकानाचा नियम झाला. दुसऱ्या वाक्याने वाचकाचा गैरसमज तितकाच दूर होतो, आणि ग्राहकाच्या लॅपटॉपबद्दल त्याने स्वतः लिहिलंय त्यापलीकडे एक अक्षरही बाहेर जात नाही. त्याने रिव्ह्यूत जे सांगितलं आहे, तेवढ्यालाच हात लावायचा.

नावाचंही तसंच. ग्राहकाने टोपणनावाने रिव्ह्यू लिहिला असेल आणि पावतीवरून तुम्ही त्याला ओळखलं असेल, तरी पावतीवरचं नाव लिहू नका. नुसतं "नमस्कार" पुरतं.

पहिला मसुदा कुठे फसतो

रागात, पण सभ्यपणे लिहिलेला मसुदा साधारण असा उतरतो:

"सर, तुम्ही पूर्ण माहिती न घेता लिहिलं आहे. वॉरंटी नाही असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही. आमच्या नोंदीनुसार तुमच्या लॅपटॉपचा चार्जिंग पोर्ट ढिला झाला आहे आणि असं सहसा चार्जर लावलेला असताना लॅपटॉप ओढल्याने होतं. तपासणीचे पैसे लागतात हे काउंटरवर ठळक लिहिलेलंच आहे. आमचे इतर ग्राहक समाधानी आहेत. तरीही तुम्हाला त्रास झाला असं वाटत असेल तर क्षमस्व."

यात शिवी नाही, धमकी नाही, आणि बहुतेक वाक्यं खरीही आहेत. तरी हे भांडणच आहे. पहिल्या वाक्याचा कर्ता "तुम्ही" आहे आणि त्याचं क्रियापद दोष देणारं. तिसऱ्या वाक्यात फाइल उघडली, वर लॅपटॉप तुम्हीच खराब केलात असंही सुचवलं. "लिहिलेलंच आहे" मधला तो "च" म्हणजे डोळे नव्हते का, असं विचारणं. "इतर ग्राहक" म्हणजे दोष तुमच्यातच. आणि शेवटची माफी ग्राहकाला काय वाटलं त्याबद्दल आहे, दुकानाकडून काय राहिलं त्याबद्दल नाही.

दुरुस्त करताना मोठमोठे मऊ शब्द घालायची गरज नसते. कर्ता बदलला की निम्मं काम होतं. "तुम्ही कार्ड वाचलं नाही" ऐवजी "कार्डावर हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं". "तुम्हाला सांगितलं होतं" ऐवजी "हे नीट समजावलं गेलं नाही". "तुमचा गैरसमज झाला" हे वाक्य कितीही हळू म्हटलं तरी बोट समोरच्याकडेच राहतं, त्यापेक्षा थेट खरी गोष्ट सांगून मोकळं व्हावं. त्यानंतर मसुद्यातले "च", "तर", "कधीच", "मुळात", "वास्तविक" एकेक शोधा. बहुतेक काढून टाकले तरी अर्थ तोच राहतो, फक्त आवाज खाली येतो. सहानुभूतीच्या वाक्यातला "च" राहिला तरी चालतो; दोष देणाऱ्या वाक्यातला नको.

सावध राहायची आणखी एक जागा म्हणजे "पण". "तुमचा त्रास समजतो, पण वॉरंटी..." असं लिहिलं की आधीची सहानुभूती नुसती औपचारिक ठरते. तिथे पूर्णविराम द्या आणि पुढचं वाक्य नव्याने सुरू करा.

उत्तराचा क्रम

सुरुवातीला एका वाक्यात ग्राहकाच्या म्हणण्यातली खरी गोष्ट मान्य करा, तीही नेमकी. "तुमच्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद" हे वाक्य लोकांनी इतक्या ठिकाणी वाचलेलं असतं की नजर त्यावरून घसरते. त्यानंतर लगेच दुरुस्ती. ती उशिरा आली तर फोनवर दिसणारच नाही, कारण लांब उत्तर अर्ध्यावर कापलं जातं आणि बाकीचं वाचायला दाबावं लागतं. दुरुस्तीनंतर गोंधळातला आपला वाटा, आणि शेवटी पुढे काय करता येईल ते. सगळं मिळून साठ ते नव्वद शब्दांत बसवा. दीडशेच्या पुढे गेलं की खरं असलं तरी ते सारवासारव वाटू लागतं.

आपलं उत्तर असं तयार होतं:

"नमस्कार. बॅटरी बदलल्यावर तीन महिन्यांच्या आत लॅपटॉप पुन्हा चार्ज होईनासा झाला, तर वैताग येणारच. बॅटरीवरची सहा महिन्यांची वॉरंटी अजून चालू आहे. ती बॅटरीपुरती असते. चार्जिंग पोर्ट आणि मदरबोर्ड तिच्यात येत नाहीत. आमच्या वॉरंटी कार्डावर हे लिहिलेलं नव्हतं आणि काउंटरवरही नीट समजावलं गेलं नाही, त्याबद्दल माफी मागतो. तपासणीचे पैसे आम्ही घेतो, आणि पुढची दुरुस्ती आमच्याकडे केल्यास ते बिलातून वजा होतात. तपासणीत काय आढळलं ते लॅपटॉप समोर ठेवून दाखवायची तयारी आहे. पावतीवरच्या नंबरवर फोन केलात तर मी स्वतः बोलेन. – मालक"

दुसऱ्या मसुद्यात वॉरंटीच्या वाक्याला "ती आम्ही नाकारलेली नाही" अशी शेपूट जोडावीशी वाटते. ती नको. वॉरंटी चालू आहे एवढं कळलं की ती नाकारली नव्हती हे वाचकाला आपोआप समजतं. शेपूट जोडली की ग्राहक खोटं बोलला, असं वेगळं सांगितल्यासारखं होतं. दुरुस्तीचं वाक्य नेहमी "काय आहे" असं लिहावं, "काय नाही" असं नाही.

काउंटरवरच्या मुलाच्या वागण्यावरही इथे वेगळं उत्तर नाही. "समजावलं गेलं नाही" यात जेवढं मान्य करण्यासारखं होतं तेवढं आलं. तो मुलगा किती चांगला आहे हे इथे सांगू नये, आणि त्याला समज दिली आहे असंही जाहीर करू नये. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाची समजूत काढायला जाऊन आपल्याच माणसाची चारचौघांत अब्रू काढली जाते.

"फोन करा" या वाक्यातही एक मेख आहे. दुरुस्ती न करता नुसतं "आम्हाला फोन करा" लिहिलं, तर वाचकाला वाटतं काहीतरी दडवायचं आहे. आधी माहिती द्या, मग फोन नंबरचा मार्ग दाखवा. आणि तो फोन खरोखर उचलला जाईल याची व्यवस्था आधीच करून ठेवा.

टाकण्याआधी आणि टाकल्यावर

मसुदा उत्तराच्या चौकटीत लिहू नका. चुकून बटण दाबलं जातं. दुसरीकडे लिहा, एक रात्र जाऊ द्या, आणि त्या दिवशी काउंटरवर नसलेल्या एखाद्याला मोठ्याने वाचायला लावा. वाचताना त्याचा आवाज जिथे चढेल, ते वाक्य बदला. रात्र जाऊ द्या म्हणजे आठवडा लावा असं नाही. दोन दिवसांच्या आत उत्तर गेलेलं बरं, कारण तोवर चुकीची माहिती एकटीच वाचली जात असते.

गूगलवर मालकाचं उत्तर रिव्ह्यूच्या खाली व्यवसायाच्या नावाने दिसतं, ते गेल्याचं ग्राहकाला कळवलं जातं, आणि ते नंतर बदलताही येतं. ग्राहकालाही आपला रिव्ह्यू बदलता येतो. माहिती चुकीची आहे एवढ्या कारणावरून रिव्ह्यू काढून टाका अशी तक्रार करून मात्र उपयोग नसतो. ग्राहक आणि व्यवसाय यांच्यात खरं काय यावर मतभेद असेल, तर गूगल त्यात पडत नाही. तक्रार शिवीगाळ, बनावट मजकूर, असंबद्ध जाहिरात अशा नियमभंगासाठी ठेवलेली असते. तेव्हा दुरुस्तीचं साधन तुमचं उत्तरच.

ग्राहकाने चिडून रिव्ह्यूत आणखी चार ओळी घातल्या तर? त्यात नवी चुकीची माहिती नसेल तर काही करू नका. असेल तर आपल्याच उत्तरात एक वाक्य वाढवा आणि तिथे थांबा. मित्रांना किंवा कामगारांना सांगून बाजूने रिव्ह्यू टाकून घेणं हा आत्मघात आहे. तेही नियमभंगातच मोडतं, आणि एकाच दिवशी आलेले पाच स्टारचे रिव्ह्यू वाचकाला लांबूनच ओळखू येतात.

समजा ग्राहकाचा फोन आला, त्याने पोर्ट पाहिला, त्याला पटलं. रिव्ह्यू बदला असं जाहीर उत्तरात कधीच मागायचं नाही. समोरासमोर, काम पूर्ण झाल्यावर, एकदाच म्हणावं: "तुम्हाला योग्य वाटलं तर तिथली वॉरंटीची माहिती बदलता का?" मागणी माहितीपुरती, स्टारची नाही. बदल्यात सवलत, मोफत साफसफाई, काहीही देऊ करू नये. रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी असं आमिष दाखवणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि ग्राहकाने तेवढंच रिव्ह्यूत लिहिलं तर वॉरंटीपेक्षा मोठी पंचाईत होते.

त्याने रिव्ह्यू बदलला तर आपलं उत्तर आपोआप बदलत नाही. मूळ तक्रार गेली आणि खाली "वैताग येणारच, माफी मागतो" तसंच राहिलं, तर नवा वाचक गोंधळतो. त्या वेळी जुनं उत्तर काढून दोन ओळींचं नवं लिहा. रिव्ह्यू तसाच राहिला आणि दरम्यान तुम्ही वॉरंटी कार्ड नव्याने छापलं, तर उत्तराच्या शेवटी "आता कार्डावर कोणता भाग वॉरंटीत येतो ते लिहिलेलं असतं" ही ओळ जोडा. कार्ड खरोखर छापून हातात आल्यावरच.

रिव्ह्यू तुमचा नसेलच तर

नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच दुकानाचा अनुभव तुमच्या पानावर येऊन पडतो. अशा वेळी "तुमचं नाव आमच्या नोंदीत नाही" असं लिहायचा मोह होतो. ते वाक्य टाळा. पावती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असू शकते, रिव्ह्यू टोपणनावाने असू शकतो, आणि ग्राहक खरा निघाला तर तुम्ही त्याला जाहीरपणे खोटं पाडलेलं असतं. पुन्हा नियमच वापरा, म्हणजे तुमच्या दुकानाबद्दलची कुणालाही तपासता येईल अशी गोष्ट: "आम्ही फक्त लॅपटॉप दुरुस्त करतो, मोबाइलची कामं घेत नाही. त्यामुळे हा अनुभव दुसऱ्या ठिकाणचा असण्याची शक्यता आहे. आमच्याकडचाच असेल तर पावतीचा फोटो घेऊन कृपया फोन करा, लगेच बघतो." पावतीचा फोटो रिव्ह्यूमध्ये टाका असं मात्र लिहू नका. काहीजण खरंच टाकतात, आणि त्यावर त्यांचा फोन नंबर असतो.